मिस्त्रीभाऊ, बाथरूमसाठी थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

मिस्त्रीभाऊ, तुम्ही मोबाईलवर जास्त वाचत नाही माहीत आहे, पण तुमचा पोरगा वाचून दाखवेल म्हणून लिहून राहिली मी. परवा तुम्ही सामान टेम्पोत टाकून निघून गेले आणि मी चहाच घेऊन उभी राहिली, बोलायचं तोंडातच राहिलं.

तुमच्या आधी जो आला होता त्याचं नाव नाही घेत. चार दिवसात चकाचक करतो म्हणे. पहिल्याच दिवशी सीट फोडली, फरशी उखडली, ॲडव्हान्स घेतला आणि दुसऱ्या साईटवर गायब. फोन लावला की उद्या येतो. घरात संडास-बाथरूम एकच, चार बाय सातची खोली, आणि आमच्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले. सत्तरीतली बाई पहाटे टॉर्च घेऊन वावराकडं जात होती हो, मी मागं मागं पाण्याचा डबा घेऊन. पोरगी तर दिवसभर पाणीच पीत नव्हती, म्हणजे जावंच लागू नये. विदर्भातला एप्रिल-मे, विचार करा.

तुम्ही आले आणि हातोडा काढलाच नाही. आधी आईला अंगणात खुर्चीवर बसवलं. मला वाटलं हे काय करून राहिले बाप्पा. आई उठताना हात कुठं टेकते ते पाहिलं, पेन्सिलीनं खूण केली. मग सेप्टिक टँकच्या आधीचा जो चेंबर आहे त्याच्यात चार इंची पाईप जोडून, आत बसवायसाठी आणलेलं नवं कमोड आधी तिथंच मांडलं, खाली रेती आणि थोडा कच्चा माल, म्हणजे नंतर न फुटता निघेल. तीन बाजूंनी टिना, पुढं पडदा, बल्ब. फ्लशची टाकी नव्हती, तर तुम्ही सांगितलं की बादलीभर पाणी एकदम ओता, थोडं थोडं नाही, नाहीतर घाण पुढं सरकत नाही. आणि त्या खुणेच्या उंचीवर आडवी बल्ली पक्की बांधली, आईला धरून उठायला. हे कोणी सांगितलंच नव्हतं तुम्हाला. आई त्या दिवशी एकटी गेली आणि एकटी आली, भाऊ. टाईल्सचा रंग मी विसरेन, ती बल्ली नाही विसरायची.

नहाणीचं पण तसंच, विहिरीजवळ शहाबादी फरशी टाकून, पाणी केळीच्या आळ्यात सोडून दिलं.

आणि तुम्ही खोटं नाही बोलले. तीन आठवडे धरा म्हणाले, पाऊस पडायच्या आधी होऊन जाईल. मी म्हटलं एवढे काहून? तर म्हणाले, तोडायला दोन दिवस, पाईप टाकून प्रेशर पाहायला दोन-तीन, बाकी वेळ प्लास्टर पाणी पिण्यात आणि सुकण्यात जातो. उन्हात प्लास्टर लवकर वाळतं, पक्कं होत नाही, चिरा जातात, म्हणून ओली पोती लावून आठवडाभर पाणी मारायला लावलं. तो वैताग मला होता, खोटं कशाला बोलू.

वॉटरप्रूफिंगचे दोन हात झाल्यावर तुम्ही जाळीचं तोंड बंद करून खोलीत पाणी भरलं, भिंतीवर खूण केली, आणि बाजूला एका बादलीत पण पाणी भरून खूण केली. बादली कशाला ते दोन दिवसांनी कळलं. बादलीतलं पाणी उन्हानं थोडंसंच उतरलं होतं आणि खोलीतलं दोन बोटं. म्हणजे बाकीचं कुठंतरी मुरत होतं! ट्रॅपच्या कडेलाच होती फट. तुम्ही कडेचा माल खोदून पुन्हा भरला, कोटिंग पुन्हा, टेस्ट पुन्हा. आमच्यात कोणालाच काही समजलं नसतं, वरून टाईल लावून मोकळे झाले असते, मग पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत ओली. अंगावर घेतलेलं काम कोणी पाहत नसताना पण नीट करणारे लोक आहेत अजून, आणि ते जास्त बोलत नाहीत.

टाईल्स लागल्या, दुसऱ्या दिवशी ग्राऊट भरलं, आणि कमोड सगळ्यात शेवटी आत नेलं, सिमेंट बसेपर्यंत एक दिवस कोणाला बसू दिलं नाही. तोवर अंगणात जुनं प्लास्टिकचं खुर्चीवालं भांडं. फक्त एका दिवसाचा त्रास, तो पण आधी सांगून.

बल्लीच्या जागी आता स्टीलचा दांडा आहे, त्याच उंचीवर.

शेजारच्या काकूंना पण करायचं आहे, दिवाळीच्या आधी. मी सांगून ठेवलं त्यांना, तीन आठवडे लागतात, अंगणात आधी सोय होईल मग तोडफोड, आणि घाई करायची नाही. तुमचा नंबर देऊ का? फोन करा.