होर्मुझ: हद्द ओमानची, वाट सगळ्यांची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होर्मुझच्या सामुद्रधुनीवरचा आपला अग्रलेख वाचला. त्यात एके ठिकाणी म्हटले आहे की ही सामुद्रधुनी इराणच्या सागरी हद्दीत असल्याने ती बंद करणे हा त्या देशाचा कायदेशीर अधिकार आहे. दोन परिच्छेदांनंतर तोच अग्रलेख सांगतो की हा आंतरराष्ट्रीय जलमार्ग आहे, तिथे कोणाचीच हद्द चालत नाही. ही दोन्ही वाक्ये एकदम खरी असू शकत नाहीत, हे उघडच आहे. अडचण अशी की दोन्ही चुकीची आहेत. मी अनेक वर्षे व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो आणि या वाटेने बऱ्याचदा गेलो आहे, म्हणून लिहितो.

आधी पाण्याची मोजणी. होर्मुझ सगळ्यात अरुंद जागी सुमारे 21 सागरी मैल रुंद आहे. किनारी देशाचा प्रादेशिक समुद्र तीन मैलांचा मानत, तेव्हा दोन्ही काठांचे तीन-तीन मैल सोडले तरी मध्ये पंधरा मैलांचा खुला समुद्र उरे आणि कोणाला काही विचारण्याचा प्रश्नच येत नसे. इराणने 1959 मध्ये बारा मैलांवर हक्क सांगितला, ओमानने 1972 मध्ये. बारा आणि बारा चोवीस. मधला पट्टा संपला. जगभर हेच होऊ घातले होते. बारा मैल सर्वमान्य झाले की शंभराहून अधिक सामुद्रधुन्या किनारी देशांच्या हद्दीत जाणार होत्या. 1973 ते 1982 चाललेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा परिषदेत यावरच खरा सौदा झाला. मोठ्या नौदलांनी बारा मैल मान्य केले आणि बदल्यात सामुद्रधुन्यांसाठी एक वेगळा, भक्कम हक्क मागून घेतला. त्याचे नाव ट्रान्झिट पॅसेज; त्याला पारगमन म्हणू. त्याआधीपासून चालत आलेला हक्क म्हणजे इनोसंट पॅसेज, निरुपद्रवी गमन. आपल्या अग्रलेखात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी आले आहेत.

पारगमनाचा हक्क आला म्हणून पाणी बेवारस झाले नाही. त्या परिषदेतून निघालेल्या 1982 च्या करारात स्पष्ट लिहिले आहे की त्यामुळे सामुद्रधुनीतल्या पाण्यावरच्या, तळावरच्या आणि आकाशावरच्या किनारी देशाच्या सार्वभौमत्वाला बाध येत नाही. ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालताना जहाजांचे जाण्या-येण्याचे पट्टे ओमानच्या पाण्यात आहेत: दोन मैलांचा एक पट्टा, दोन मैलांचा दुसरा आणि मध्ये दोन मैलांचे अंतर. म्हणजे ‘इराणच्या हद्दीतून’ हे त्या अरुंद जागेपुरते बरोबर नाही. पुढे आखातात शिरल्यावर तुंब आणि फरूर बेटांपाशी मात्र वाट इराण आपले म्हणतो त्या पाण्यातून जाते. जमीन एकाची आणि तिच्यावरून पूर्वापार वहिवाट सगळ्यांची, असा प्रकार गावोगावी माहीत असतो. हे तसेच आहे.

आता फरक. निरुपद्रवी गमनात जहाजाला परक्या हद्दीतून थांबा न घेता सरळ जाता येते, पण त्याचे वागणे किनारी देशाच्या शांततेला, सुव्यवस्थेला वा सुरक्षिततेला घातक असता कामा नये. काय घातक, याची बारा कलमी यादी करारात आहे: शस्त्रांचा सराव, हेरगिरी, विमान उडवणे-उतरवणे, मासेमारी वगैरे. यादीतले शेवटचे कलम मोठे गमतीचे आहे. ‘गमनाशी थेट संबंध नसलेले इतर काहीही.’ एवढी मोकळी जागा मिळाल्यावर तपासनिसाला आणखी काय हवे? पाणबुडीने पाण्यावर येऊन आपला झेंडा दाखवायचा. विमानाला तर हा हक्कच नाही. शिवाय आपल्या सुरक्षेसाठी गरज पडल्यास, आधी जाहीर करून आणि कोणत्याही देशात भेदभाव न करता, किनारी देश हे गमन काही काळ काही भागापुरते थांबवू शकतो.

पारगमनात यातले बहुतेक गळून पडते. ते थांबवता येत नाही, त्यात अडथळा आणता येत नाही. विमानांनाही तो हक्क आहे. जहाजाने वा विमानाने फक्त न रेंगाळता, आपल्या नेहमीच्या पद्धतीने पार व्हायचे आणि किनारी देशाला बळाची धमकी द्यायची नाही. ‘नेहमीच्या पद्धतीने’ या शब्दांत सगळी मेख आहे. पाणबुडीची नेहमीची पद्धत पाण्याखालून जाण्याची. करारात ‘पाणबुडी बुडून जाऊ शकेल’ असे वाक्य शोधूनही सापडणार नाही. पण वर येण्याची अट निरुपद्रवी गमनाच्या भागात घातली आहे आणि सामुद्रधुन्यांच्या भागात घातलेली नाही. हे मौन जाणूनबुजून ठेवलेले आहे, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. आकाशाच्या बाबतीत 1986 चे उदाहरण बोलके आहे. ब्रिटनमधून लिबियावर हल्ला करायला निघालेल्या अमेरिकी विमानांना फ्रान्स आणि स्पेनने आपल्यावरून जाऊ दिले नाही. ती समुद्रावरून लांबचा वळसा घालून जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीवरून भूमध्य समुद्रात शिरली.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी पायरी आहे आणि अग्रलेखात नेमकी तीच निसटली. सामुद्रधुनीतले निरुपद्रवी गमन हे साध्या किनाऱ्यावरच्या निरुपद्रवी गमनासारखे नसते. ते तहकूब करता येत नाही. हे तत्त्व 1982 च्या कराराहून जुने आहे. ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अगदी पहिल्या खटल्यातून आले.

ग्रीसचे कॉर्फू बेट आणि अल्बेनिया यांच्यामध्ये एक चिंचोळी खाडी आहे. मे 1946 मध्ये तिथून जाणाऱ्या दोन ब्रिटिश क्रूझरांवर अल्बेनियाच्या तोफांनी गोळे टाकले. परकी जहाजे आधी कळवून, परवानगी घेऊनच गेली पाहिजेत, असे अल्बेनियाचे म्हणणे. 22 ऑक्टोबरला ब्रिटनने मुद्दाम दोन क्रूझर आणि दोन विनाशिका पाठवल्या. सॉमारेझ ही विनाशिका सुरुंगावर आदळली. तिला ओढून नेणाऱ्या व्होलाज या दुसऱ्या विनाशिकेलाही सुरुंग लागला. चाळीसहून अधिक खलाशी गेले. तीन आठवड्यांनी ब्रिटिश सुरुंगशोधक नौका अल्बेनियाची परवानगी न घेता त्याच पाण्यात उतरल्या आणि त्यांनी 22 सुरुंग काढले.

एप्रिल 1949 च्या निकालात न्यायालयाने ही घटना दोन भागांत तोडली. खुल्या समुद्राचे दोन भाग जोडणारी आणि आंतरराष्ट्रीय वाहतुकीला वापरली जाणारी सामुद्रधुनी असेल, तर शांततेच्या काळात युद्धनौकांनाही पूर्वपरवानगीशिवाय निरुपद्रवी गमनाचा हक्क आहे, असे ते म्हणाले. बेटाच्या पलीकडून दुसरी वाट आहे, हा अल्बेनियाचा युक्तिवाद टिकला नाही. त्या दिवशी ब्रिटिश जहाजांवर माणसे लढाईच्या तयारीत उभी होती, तरी तोफा कुणावर रोखलेल्या नव्हत्या. मे महिन्यातला गोळीबार पाहता एवढी खबरदारी गैर नाही, म्हणून ते गमन निरुपद्रवीच ठरले. सुरुंग आपल्या नकळत पेरले गेले, हे अल्बेनियाचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. निदान इशारा तरी द्यायला हवा होता, म्हणून भरपाईची जबाबदारी अल्बेनियावर. पण नंतरची सुरुंग काढण्याची मोहीम हा अल्बेनियाच्या सार्वभौमत्वाचा भंग, असेही त्याच निकालात आहे. वाटेचा हक्क मिळाला म्हणून जमीनमालकाच्या अंगणात कुदळ घेऊन शिरता येत नाही.

हे लक्षात घेऊन होर्मुझकडे पाहा. इराणने 1982 च्या करारावर सही केली, पण तो आजवर मंजूर केलेला नाही. सही करतानाच त्याने नोंदवून ठेवले की पारगमनाचा हक्क हा करारातून जन्मलेला नवा हक्क आहे. जे करारात आहेत त्यांनाच तो मिळेल. अमेरिका करारात नाही. तिचे म्हणणे असे की हा हक्क आता देशांच्या वहिवाटीतून रूढ कायदा झाला आहे आणि तो सर्वांना लागू आहे. इराणचा 1993 चा कायदा युद्धनौका, पाणबुड्या आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांनी आधी परवानगी घ्यावी असे सांगतो. दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. माझे मत विचाराल तर इतक्या वर्षांच्या वहिवाटीनंतर पारगमनाकडे पारडे झुकते, पण सतत हरकत घेत आलेल्या देशाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

मात्र वाद आहे तो पाणबुडी, युद्धनौका आणि विमानांचा. तेल घेऊन निघालेल्या टँकरचा नाही. इराणची भूमिका शब्दशः मान्य केली तरी टँकरला निरुपद्रवी गमनाचा हक्क राहतो आणि कॉर्फूच्या निकालापासून सामुद्रधुनीत तो तहकूब करता येत नाही. म्हणजे अग्रलेखात म्हटलेला ‘बंद करण्याचा अधिकार’ शांततेच्या काळात दोन्हीपैकी कुठल्याच नियमातून निघत नाही. प्रत्यक्ष युद्धात लढणाऱ्या पक्षांना एकमेकांची जहाजे गाठण्याचे वेगळे हक्क मिळतात हे खरे. तरी तटस्थ देशांच्या जहाजांचा पार होण्याचा हक्क तेव्हाही चालू राहतो, असे 1994 च्या सान रेमो नियमावलीत तज्ज्ञांनी नोंदवले आहे. ती बंधनकारक नाही, पण नौदले तिचा आधार घेतात.

28 एप्रिल 2015 ला मार्शल बेटांचा झेंडा असलेले मेर्स्क टायग्रिस हे कंटेनर जहाज सामुद्रधुनीतून जात असताना इराणी गस्तनौकांनी इशाऱ्याचे बार काढून बंदर अब्बासकडे वळवले. कारण एका जुन्या व्यापारी थकबाकीचे, इराणी न्यायालयाच्या हुकमाचे. तेव्हा बऱ्याच बातम्यांत पारगमनाचा भंग झाला का, यावर खल झाला. खरे तर तिथवर जायची गरज नव्हती. नुसत्या निरुपद्रवी गमनातही, हद्दीतून केवळ पार होणाऱ्या जहाजाला दिवाणी थकबाकीसाठी अटकावून ठेवता येत नाही. अपवाद आहे तो त्याच फेरीत, त्या पाण्यातून जाण्यासाठी उभ्या राहिलेल्या देण्याचा. हे देणे कित्येक वर्षांपूर्वीचे होते. जहाज 7 मे रोजी सुटले.

जहाजाच्या ब्रिजवर उभे असताना रेडिओवर गस्तनौकेचा आवाज यायचा: जहाजाचे नाव, झेंडा, मागचे बंदर, पुढचे बंदर, माल काय. आम्ही सभ्यपणे उत्तर द्यायचो आणि वेग तोच ठेवायचो. नवा तिसरा अधिकारी दर वेळी विचारायचा, ‘सर, परवानगी मिळाली का?’ मागितलीच नव्हती, तर मिळणार कुठून? माहिती देणे वेगळे आणि परवानगी मागणे वेगळे. वहीत नोंद करतानाही ‘विचारणा झाली, उत्तर दिले’ एवढेच लिहायचे, हे मी त्याला आवर्जून सांगत असे.

एक छोटी दुरुस्ती राहिली. अग्रलेखाशेजारच्या नकाशात जहाजांची वाट दोन्ही किनाऱ्यांच्या बरोबर मधोमध दाखवली आहे. मुसंदमजवळ ती दक्षिणेला, ओमानच्या बाजूला सरकवून पुन्हा छापता आली तर बरे.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी