कस्ती म्हणजे जानवे नव्हे

रविवारच्या पुरवणीतील लेखात पारशांच्या कस्तीला, म्हणजे कमरेभोवती बांधायच्या पवित्र दोरीला, ‘जानवे’ म्हटले आहे, ते पटले नाही. जानवे अंगावरच राहते. कस्ती मात्र झोपेतून उठल्यावर, शौचानंतर, जेवणाआधी आणि प्रार्थनेपूर्वी सोडून पुन्हा बांधतात. हातपाय-तोंड धुऊन, उजेडाकडे तोंड करून ‘केम ना मझ्दा’ म्हणत ती सोडतात. यात रक्षणाची याचना आहे. ‘होर्मझ्द खोदाए’ या प्रार्थनेत दुष्ट शक्ती असलेल्या अहरिमनाच्या धिक्काराच्या शब्दांवर कस्ती झटकतात. मग सुद्रे या पवित्र सदऱ्यावर तीन वेढे घेऊन ‘यथा अहू वैर्यो’ या मंत्राच्या दोन पठणांत पुढच्या दोन गाठी मारतात आणि ‘अशेम वोहू’ म्हणत मागच्या. शब्द आधी संपले आणि गाठ मागे राहिली, तर हा मेळच तुटतो. लेखात नेमका हाच भाग गाळला आहे.

– एक वाचक, मुंबई