विषय: वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणांत बरोबर उत्तरं चूक आणि चूक उत्तरं बरोबर दाखवली जातायत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, आणि गणिताची उदाहरणं जे कोणी तयार करतात त्यांना

नमस्कार,

तुमच्या गणिताच्या सराव ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन मी मुलीसाठी घेतलंय, पैसे पूर्ण भरलेत. वर्गसमीकरणाच्या धड्यात क्रमागत संख्या आणि अंकांवरची जी शाब्दिक उदाहरणं आहेत त्यांच्या उत्तरांबद्दल ही तक्रार आहे. ॲपमधून आधी कळवलं होतं, त्यावर उत्तर आलं की "नियमाप्रमाणे ऋण उत्तर घेतलं जात नाही". असा कुठलाही नियम नाहीये, म्हणून आता सविस्तर लिहितोय, कृपया गणित कळणाऱ्या माणसाकडेच हे पत्र द्या.

पहिलं उदाहरण. "दोन क्रमागत पूर्णांक संख्यांचा गुणाकार 132 आहे, तर त्या संख्या शोधा." मुलीने लहान संख्या x धरली, पुढची x + 1, मग x² + x − 132 = 0, अवयव पाडले (x + 12)(x − 11) = 0, म्हणजे x = 11 किंवा x = −12. तिने दोन्ही जोड्या लिहिल्या, 11 आणि 12, तसंच −12 आणि −11. ॲपने दुसरी जोडी लाल केली, अर्धे मार्क कापले आणि खाली लिहिलं "संख्या ऋण असू शकत नाही, म्हणून x = −12 अग्राह्य". अहो, प्रश्नात तुम्हीच पूर्णांक म्हटलंय, आणि पूर्णांकांत ऋण संख्या येतातच! (−12) × (−11) करून बघा, 132 च येतं, आणि −12 च्या लगेच पुढची संख्या −11 च आहे. प्रश्नात "नैसर्गिक संख्या" किंवा "धन पूर्णांक" असं असतं तर −12 सोडून देणं बरोबर होतं. म्हणजे ऋण किंमत ठेवायची का टाकायची हे प्रश्नातला शब्द ठरवतो, समीकरण नाही ठरवत आणि सवय तर नाहीच नाही. वय किंवा लांबी विचारली असेल तर तिथे ऋण चालत नाही कारण ती वस्तूच तशी आहे, पण ते कारण उचलून पूर्णांकांच्या उदाहरणाला चिकटवता येत नाही.

याच उदाहरणाच्या "अधिक माहिती"त दुसरी जोडी −12 आणि −13 अशी छापलीय ते पण बघा. x जर −12 असेल तर x + 1 म्हणजे −11, −13 नाही, आणि −12 × −13 तर 156 होतात. इथे साधा ताळा कुणी करून बघितलेला नाही हे सरळ दिसतंय.

दुसरं उदाहरण मला जास्त गंभीर वाटतं कारण तिथे चूक उलट बाजूने झालीय. "एका दोन अंकी संख्येतील दशकस्थानचा अंक एककस्थानच्या अंकापेक्षा 2 ने मोठा आहे. ती संख्या तिच्या अंकांच्या वर्गांच्या बेरजेपेक्षा 19 ने जास्त आहे. ती संख्या शोधा." एककस्थानचा अंक y, दशकस्थानचा y + 2, संख्या झाली 10(y + 2) + y म्हणजे 11y + 20. वर्गांची बेरीज 2y² + 4y + 4. मग 11y + 20 = 2y² + 4y + 4 + 19, आवरून 2y² − 7y + 3 = 0, अवयव (2y − 1)(y − 3) = 0, म्हणून y = 3 किंवा y = 1/2. तुमच्या उत्तरात लिहिलंय "दोन्ही किमती धन असल्याने दोन्ही ग्राह्य" आणि पुढे उत्तर म्हणून 53 आणि 25.5 दिलंय. 25.5 ही दोन अंकी संख्या कशी काय होईल? तिथे दशकस्थानी अडीच आणि एककस्थानी अर्धा असे अंक धरलेत, असे अंकच नसतात. अंक म्हणजे 0 ते 9 मधली पूर्ण संख्या, आणि दोन अंकी संख्येत दशकस्थानी 0 पण चालत नाही. म्हणून y = 1/2 टाकायचं, उत्तर फक्त 53. ताळा: 25 + 9 = 34, आणि 53 − 34 = 19, जमलं.

इथे मुलं कुठे फसतात ते पण सांगतो. y = 1/2 समीकरणात घालून ताळा केला तर तोही जमतो, अडीचचा वर्ग 6.25, अर्ध्याचा 0.25, बेरीज 6.5, आणि 25.5 − 6.5 = 19. समीकरण मांडताना "अंक" ही अट त्यात कुठेच उतरलेली नसते, समीकरणाला y फक्त एक संख्या म्हणून माहीत असते. त्यामुळे समीकरणात बसणारी प्रत्येक किंमत प्रश्नात बसेलच असं नाही, ती मूळ वाक्यांशी वेगळी पडताळून बघायला लागते, आणि नेमकी हीच पायरी तुमच्या पद्धतीत नाही. तुमचं ॲप फक्त चिन्ह बघतं, वजा दिसलं की टाक आणि अधिक दिसलं की ठेव, आणि मुलगी आता तेच शिकतेय याचा मला खरंच राग येतो.

तिसरी गोष्ट. "नवीन उदाहरण" बटण दाबलं की आकडे बदलून येतात. त्यात आलं, "दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार 150 आहे", आणि उत्तर दिलंय 11.76 आणि 12.76. 11 × 12 = 132 आणि 12 × 13 = 156, 150 मधेच पडतात, म्हणजे अशी जोडीच नाही. बरोबर उत्तर आहे "अशा संख्या नाहीत", आणि ते लिहायला ॲपमध्ये जागाच नाही. गुणाकार N असेल तर x² + x − N = 0 चा विवेचक 1 + 4N येतो, तो पूर्ण वर्ग असेल तरच x पूर्णांक येतो. 132 ला 529 म्हणजे 23 चा वर्ग, ठीक. 150 ला 601, आणि 24 चा वर्ग 576, 25 चा 625, म्हणजे नाही. आकडे बदलण्याआधी एवढं तपासायला तुमच्या प्रोग्रामरला फार वेळ लागणार नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत. पूर्णांकांच्या उदाहरणांत दोन्ही जोड्या बरोबर धरा आणि मुलीचे कापलेले मार्क परत द्या. उत्तरात "ऋण म्हणून अग्राह्य" असं छापील वाक्य न टाकता त्या प्रश्नातल्या कुठल्या अटीमुळे किंमत टाकली ते लिहा, "नैसर्गिक संख्या पाहिजे" किंवा "अंक अपूर्णांक नसतो" असं स्पष्ट. 25.5 वालं आणि 150 वालं उदाहरण दुरुस्त होईपर्यंत काढून टाका, आणि "उत्तर नाही" हा पर्याय द्या. हे जमणार नसेल तर सबस्क्रिप्शनचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. तिन्ही उदाहरणांचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.

आपला,
एक सबस्क्रायबर पालक