परीक्षक कोण होते?

चि. मनू,

परवा तू स्पर्धेचा निकाल फोनवर सांगितलास, तेव्हा तो लागून अठरा दिवस झाले होते. आणि आवाज तर असा दबका, जणू काहीतरी हरवल्याची बातमी देत होतीस. बक्षिसाचा फोटोही फक्त मला आणि आईला पाठवलास, घरच्या ग्रुपवर नाही. तिथे तुझा नवरा आहे ना! खोदून विचारल्यावर कळलं, की निकाल दाखवल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, "परीक्षक कोण होते?"

प्रश्न ऐकताच मी तो ओळखला. तसले प्रश्न मीही विचारलेले आहेत.

तू पाचवीत असताना आई विभागप्रमुख झाली. तिने सांगितलं तेव्हा "वा, छान" म्हणालो आणि पुढच्याच श्वासात विजेचं बिल भरलंस का, असं विचारलं. पाहुणे आले की "आता आमच्याकडे मॅडमचं राज्य" हा माझा ठरलेला विनोद. सगळे हसायचे, तीही हसायची. तुला जळफळाट होतोय का, असं कुणी विचारलं असतं तर मी ठामपणे नाही म्हटलं असतं, आणि ते खोटं बोलणं नसतं. मला खरंच कळत नव्हतं. पुढे कधीतरी रॅटलिफ आणि ओइशी या मानसशास्त्रज्ञांचा 2013 चा अभ्यास वाचनात आला. जोडीदाराच्या यशाची आठवण करून दिल्यावर पुरुष स्वतःबद्दल तोंडाने बोलताना काही फरक दाखवत नव्हते, पण आडून मोजल्यावर त्यांचं स्वतःबद्दलचं मत खाली गेलेलं दिसत होतं. स्त्रियांमध्ये तशी घसरण दिसली नाही. वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही दोघंही आर्किटेक्ट. तू गाण्यात बक्षीस मिळवलं असतंस तर त्याने बहुधा साऱ्या मित्रांना सांगितलं असतं. माणूस ज्या कामावरून स्वतःला जोखतो, त्याच कामात अगदी जवळचं कुणी पुढे गेलं की ते जास्त लागतं. त्याच स्पर्धेत तो चार वर्षं आराखडे पाठवतोय, हे तूच मला सांगितलं होतंस.

हे त्याची बाजू घेण्यासाठी लिहीत नाहीये. नुकसान कुठे होतं ते मी पाहिलंय. आईने भांडण केलं नाही, तिने सांगणं बंद केलं. आधी बातमी उशिरा सांगू लागली, मग अर्धी, मग नाहीच. तिने मोठ्या पदाची एक संधी नाकारली हे मला दोन वर्षांनी तिच्या मैत्रिणीकडून कळलं. तुझे अठरा दिवस मला म्हणून खुपले.

शेवटी ती बोलली. 'तुम्हाला माझा हेवा वाटतो' असं म्हणाली असती तर मी लगेच वकिली सुरू केली असती. ती म्हणाली, "मी पद मिळाल्याचं सांगितलं आणि तुम्ही बिलाचं विचारलंत. तेव्हापासून मी तुम्हाला काही सांगत नाही." फक्त घडलेलं. नाकारायला जागाच नव्हती. मी उठून निघून गेलो. आठ दिवसांनी येऊन म्हणालो, की तू पुढे गेलीस की मी मागे राहिल्यासारखं वाटतं. हे आठ दिवस लक्षात ठेव. पहिल्या संध्याकाळचं उत्तर खरं धरू नकोस.

तू बोलशील तेव्हा त्याची खरी अडचणही वेगळी काढून विचार. दौरे वाढणार, घर कोण बघणार, ही काळजी खोटी नाही, आणि तिचं उत्तर वेळापत्रकात सापडतं. वेळापत्रक जमल्यावरही तो कुरकुरतच राहिला, तर कारण वेगळं आहे असं समज.

पण मी कधीच आईची कागदपत्रं लपवली नाहीत, महत्त्वाच्या दिवसाच्या आदल्या रात्री मुद्दाम भांडण काढलं नाही, पद सोड असं म्हटलं नाही. यातलं काही तिथे घडत असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि सरळ इकडे निघून ये. ती मग मनाची चुळबुळ राहिलेली नसते, तो तुला अडवतोय. तिथे समजूतदारपणा खर्च करू नकोस.

आईला तुझा आराखडा मोठा करून हवाय, भिंतीवर लावायला. मूळ फाइल पाठव. आणि तो फोटो घरच्या ग्रुपवर टाक. तो काय लिहितो, किती वेळाने लिहितो, ते मी बघणार नाही. तू बघ.

तुझा,
बाबा