टँकरच्या बिलातली तूट वेगळी दाखवा

प्रति,
संपादक महोदय,

पुण्याच्या पूर्व उपनगरांतल्या अनेक गृहनिर्माण संस्थांनी टँकरच्या पाण्याचा खर्च वाटून घेण्यासाठी सदनिकानिहाय मीटर बसवले आहेत. जितके पाणी तितके पैसे, ही त्यामागची भूमिका रास्तच आहे. परंतु मीटरवरच्या आकड्याचे रुपये ज्या रीतीने केले जातात, तिच्याकडे सभासदांचे फारसे लक्ष जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या संस्थेत चाळीस सदनिका आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून मे महिन्याचे आकडे पूर्णांकात देतो. दहा हजार लिटरचे 60 टँकर आले, म्हणजे पावत्यांप्रमाणे 6,00,000 लिटर पाणी. दर टँकरला 1,200 रुपये धरून बिल झाले 72,000 रुपये. सगळ्या सदनिकांच्या मीटरची बेरीज मात्र 4,80,000 लिटरच भरली. व्यवस्थापन समितीने 72,000 ला या बेरजेने भागले आणि हजार लिटरला 150 रुपये हा दर लावला. प्रत्यक्षात टँकरवाला हजार लिटरला 120 रुपयेच घेतो. वरचे 30 रुपये हे 1,20,000 लिटरच्या तुटीचे आहेत, पण बिलावर त्यांचा उल्लेख कुठेही नसतो.

ही सगळीच तूट सदनिकाधारकांनी वापरलेल्या पाण्याची नसते. तिच्यात बागेचे आणि जिने धुण्याचे पाणी असते, गच्चीवरची टाकी भरून वाहिल्यामुळे गेलेले पाणी असते, गळती असते आणि कमी भरून आलेले टँकरही असतात. हा शेवटचा प्रकार पकडणे अवघड नाही. जमिनीखालच्या टाकीचा तळ दहा चौरस मीटर असेल, तर दहा हजार लिटरने तिची पातळी बरोबर एक मीटर वाढली पाहिजे. पंप बंद ठेवून टँकर रिकामा होण्यापूर्वी आणि नंतर पट्टीने मोजावे. दहा सेंटिमीटर कमी भरले तर हजार लिटर आलेच नाहीत. सुरक्षारक्षकाने पावतीवर सही करताना हा आकडाही लिहावा, एवढेच पुरेसे आहे.

दुसरे कारण घराघरांत दडलेले आहे. घरगुती वापराचा अर्ध्या इंची ‘ब’ वर्गाचा यांत्रिक मीटर साधारणपणे ताशी 30 लिटरच्या खालच्या प्रवाहाला अचूकतेची हमी देत नाही. रात्रभर नळाची बारीक धार सोडून आठ तासांत दोनशे लिटरचे पिंप भरणाऱ्याचा प्रवाह ताशी 25 लिटर होतो, आणि त्यातले सगळे पाणी मीटरवर उमटेलच, याची खात्री नसते. फ्लशची टाकी गळत असेल तर तेच घडते, फक्त तिथे लबाडी नसते. मीटरची बेरीज पावत्यांशी तंतोतंत कधीच जुळणार नाही, हे यासाठी गृहीत धरायला हवे.

मग तुटीचे करायचे काय? माझे मत असे, की मीटरच्या आकड्याला टँकरचा खरा दर, म्हणजे 120 रुपये, लावावा आणि उरलेले 14,400 रुपये ‘सामाईक वापर व तूट’ अशा स्वतंत्र ओळीखाली चाळीस सदनिकांत सारखे वाटावेत. प्रत्येकी 360 रुपये येतात. पंपाची वीज, टाकीची सफाई आणि मीटरची देखभाल यांचा स्थिर आकारही असाच समान, पण तुटीपासून वेगळ्या ओळीत असावा. याने 20,000 लिटर वापरणाऱ्या कुटुंबाचे पाण्याचे बिल 3,000 वरून 2,760 रुपयांवर येईल, तर 8,000 लिटर वापरणाऱ्या वृद्ध दांपत्याचे 1,200 वरून 1,320 वर जाईल. त्यांना हे खटकेल आणि त्यांची तक्रार अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. मात्र बाग आणि गळकी जलवाहिनी सर्वांच्या मालकीची आहे. आज कुलूपबंद सदनिकेचा मालक त्यातला एक रुपयाही देत नाही. शिवाय तूट दरात मिसळली की ती कमी करण्याची निकड कोणालाच वाटत नाही. ‘360 रुपये’ असे बिलावर छापून आले, की सभेत पहिला प्रश्न त्यावरच येईल. बागेच्या नळाला एक मीटर बसवला, तर निदान तेवढा भाग तरी अज्ञात राहणार नाही.

महिन्याच्या तारखांचेही भान हवे. पावत्या 31 तारखेपर्यंतच्या आणि मीटरवाचन चार तारखेचे, असे झाले की मधल्या दिवसांचे पाणी मीटरवर चढते, पण त्याचे टँकर पुढच्या महिन्यात मोजले जातात आणि तूट खोटीच कमी दिसते. डक्टमध्ये एका सदनिकेचे दोन-तीन मीटर असतात. वाचताना काळे आकडे हजार लिटरचे आणि लाल आकडे त्याखालचे, हे न कळल्याने दसपट बिले गेल्याचेही पाहिले आहे. वाचनाचे छायाचित्र सभासदाला पाठवले, तर हा वाद जागीच मिटतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा आकार सदनिकेतील नळांची संख्या व आकार यांवरून घ्यावा असे म्हटले आहे. तेव्हा मीटरची पद्धत लागू करताना सर्वसाधारण सभेच्या ठरावात दर कसा काढणार, तूट कोणी सोसायची आणि बंद पडलेल्या मीटरच्या सदनिकेला किती महिन्यांची सरासरी लावायची, हे तिन्ही स्पष्ट लिहून घ्यावे.

आपला विश्वासू,
गृहनिर्माण संस्थेचा एक सभासद, पुणे