सहलीत डोकी नको, जोड्या मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळा आला की मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली वेरूळला आणि देवगिरी किल्ल्यावर निघतात. एकाच वेळी चार-पाच शाळा, आणि गणवेश जवळपास सारखेच. अशा गर्दीत नुसती डोकी मोजून भागत नाही.

देवगिरीच्या अंधारीत हे मी स्वतः पाहिलं आहे. आमची मुलं 46, म्हणजे 23 जोड्या. जोड्या शाळेतच लावून क्रमांक दिलेले. खंदकावरचा पूल ओलांडून अंधारीत शिरण्याआधी एक मोजणी आणि वर उजेडात आल्यावर दुसरी, असं आधीच ठरलं होतं. वर आल्यावर सरांनी डोकी मोजली, बरोबर 46 भरली. मी यादी घेऊन जोड्या पुकारल्या, तर 17 नंबरला एकटीच पुढे आली. "मॅडम, ती मागेच राहिली." चपलेचा अंगठा तुटला म्हणून जोडीदारीण पायऱ्यांवर बसली आणि मागच्या शाळेच्या रांगेत मिसळली. दोन्ही रांगा अंधारात एक झाल्याने आमच्या शेवटच्या शिक्षकांनाही ती दिसली नाही. इकडे पुढच्या शाळेची एक मुलगी रेंगाळून आमच्यात उभी होती, म्हणून आकडा जुळला! सगळ्यांना तिथेच बसवलं, एक शिक्षक खाली गेले आणि तिला घेऊन आले.

हजेरीला नुसतं "हजर" ऐकून पुढे जाऊ नये, कारण मुलं मित्राच्या वतीनेही ओरडतात. जोडीने एकमेकांचा हात धरून वर करायचा, म्हणजे दोघं दिसतातच. मोजणी चालत्या रांगेत करू नये. बसमध्येही मुलं चढताना नव्हे, सगळी जागेवर बसल्यावर आणि गाडी सुरू होण्याआधी मोजावीत. दोन शिक्षकांनी वेगवेगळं मोजून मगच आकडे एकमेकांना सांगावेत. पहिल्याचा आकडा कानावर पडला की दुसऱ्याचाही तोच येतो. प्रसाधनगृह आणि जेवण या जागा हमखास सुटतात, त्या यादीत आधीच लिहून ठेवाव्यात.

जोडीचीही एक अडचण आहे. जिगरी दोस्त एकत्र ठेवले तर दोघं मिळून बोरं घ्यायला जातात आणि सांगायला मागे कुणीच उरत नाही. म्हणून जोड्या शिक्षकांनी लावाव्यात आणि हजेरी प्रत्येक ठिकाणी घ्यावीच. सकाळी कुणी गैरहजर असेल तर बस निघण्याआधी यादी दुरुस्त करावी आणि एकटा उरलेल्याला तिघांच्या गटात घालावं.

परतताना फाट्यावर पालक मूल उतरवून घेतात, तिथे तर हमखास गोंधळ होतो. तिथेच पालकांची सही घेऊन नाव खोडावं आणि त्याच्या जोडीदाराला लगेच दुसरी जोडी द्यावी. सहलीला परवानगी देतानाच शिक्षण विभागाने जोड्यांची यादी आणि मोजणीची ठिकाणं शाळेकडून लिहून घ्यावीत, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, परभणी