सूचना: अप्रेझलला बसायच्या आधी

सगळ्या मॅनेजर मंडळींना आठवण, अप्रेझल सुरू होतायत, तर निदान आठवडाभर आधी बारा महिन्यांच्या नोंदी, मेल, वन-टू-वनचे मुद्दे काढून वाचा, कारण नुसत्या आठवणीवर बसलात की शेवटच्या दोन महिन्यांचंच रेटिंग दिलं जातं. टीममधल्या प्रत्येकाकडून सेल्फ-अप्रेझलही आधीच मागवून घ्या.

बोलताना आधी त्यांना बोलू द्या, मग तुम्ही. आणि "तुझं कम्युनिकेशन कमी पडतं" असलं काही नको, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. "जूनमध्ये डिलिव्हरी चार दिवस लांबली आणि क्लायंटला ते शेवटच्या दिवशी कळलं, काय झालं होतं तेव्हा?" असं विचारा आणि गप्प बसा. माझ्या टीममधल्या एकाने यावर सांगितलं की क्लायंटला मेल करायची परवानगी आहे हेच त्याला माहीत नव्हतं! म्हणजे अर्धी चूक माझीच निघाली.

उठायच्या आधी दोन-तीनच ॲक्शन ठरवा, कोण, काय, कधीपर्यंत. आमचं ठरलं ते असं: तो दर शुक्रवारी क्लायंटला स्टेटस मेल टाकणार, मी सोमवारपर्यंत त्याला परवानगीचा मेल देणार, सहा आठवड्यांनी दोघं बघणार. त्याच दिवशी लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून ओके घ्या.